माणसं खोलीत कशासाठी येतात, ते आधी मोजा

प्रश्न: लग्नाला चार वर्षं झाली. घरात आम्ही आठ जण आहोत: सासू-सासरे, मोठे दीर आणि जाऊबाई, त्यांची दोन मुलं आणि आम्ही दोघं. आमच्या खोलीत कुणीही केव्हाही येतं, टकटक करायची पद्धतच नाही. माणसं वाईट नाहीत आणि मला वेगळंही राहायचं नाही. पण कधीकधी मी नुसती बाथरूममध्ये नळ सोडून बसते. ‘जरा एकटं बसायचंय’ म्हटलं की लगेच ‘काय बिघडलं?’ असं विचारतात. काय करू?

उत्तर:

नळ सोडून बसणाऱ्या बऱ्याच जणी मला भेटल्या आहेत. कुणी गाडी लावल्यावर वीस मिनिटं त्यातच बसून राहते, कुणी जिन्यात रेंगाळते. अशा चोरून मिळवलेल्या वेळात विश्रांती होत नाही. शरीर बसलेलं असतं, पण कान दाराकडे असतात. कुणी हाक मारली का, आपण आत आल्याला किती वेळ झाला, बाहेर गेल्यावर काय सांगायचं, हे डोक्यात चालूच असतं. त्यातून बाहेर येताना माणूस आत गेला होता त्यापेक्षा जास्त वैतागलेला असतो. म्हणून वेळ कमी मिळाला तरी चालेल, पण तो घराला माहीत असलेला असावा. बाकी सगळं त्यावर उभं राहतं.

आधी एक मोजणी करा. सात दिवस एक छोटी वही जवळ ठेवा. तुम्ही खोलीत असताना कुणी आत आलं की वेळ, कोण आणि कशासाठी, एवढंच लिहायचं. रागाचं काही लिहायचं नाही. सात दिवस अशासाठी की कामाचे दिवस आणि सुट्टीचा दिवस यांत बराच फरक असतो. मी गेली बावीस वर्षं कुटुंब समुपदेशन करते आहे आणि ही वही जवळजवळ प्रत्येकीला करायला लावते. कारण ‘सारखे येतात’ हे मनात असतं तेव्हा त्याचा एकच मोठा गोळा झालेला असतो. कागदावर आला की तो सुटा होतो.

माझ्याकडे आलेल्या एका बाईचं उदाहरण सांगते, ओळख पटू नये इतके तपशील बदलून. घरात सात माणसं, ही नोकरी करणारी, खोली सगळ्यात आतली. तिच्या वहीत आठवड्यात ३८ नोंदी झाल्या. तिची खात्री होती की सासूबाई लक्ष ठेवायला येतात. नोंदी वेगळंच सांगत होत्या. त्यातल्या २३ वेळा माणूस एखाद्या वस्तूसाठी आलं होतं. घरातल्या सगळ्या चादरी-अभ्रे तिच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात होते. औषधांचा डबा तिच्या टेबलावर होता, कारण सासऱ्यांच्या गोळ्या तीच लावून द्यायची. इस्त्री, सुई-दोऱ्याचा डबा, एकच बरा चालणारा चार्जर, सगळं तिथेच. खोली तिची होती, पण घराच्या लेखी ते कोठीघर होतं. कोठीघरात जाताना कुणी टकटक करत नाही.

यावर भांडायचं काहीच नव्हतं, फक्त सामान हलवायचं होतं. औषधांचा डबा जेवणघरातल्या फळीवर गेला, इस्त्री आणि सुई-दोरा बाहेरच्या कपाटात, चार्जर बैठकीतल्या प्लगजवळ कायमचा. चादरींचा कप्पा राहिला, कारण तेवढी जागा दुसरीकडे नव्हती. मग आठवड्याच्या चादरी रविवारीच काढून बाहेर ठेवायच्या असं ठरलं. पुढच्या आठवड्याच्या नोंदी १७ झाल्या. एकही कठीण संवाद न होता निम्म्याहून जास्त ये-जा कमी झाली. सामान हलवताना कारण विचारलं तर खरंच सोयीचं असेल तेच सांगा: ‘बाबांना गोळ्यांसाठी आतपर्यंत यावं लागतं, इथं हाताशी राहतील.’ हे खोटं नाही.

उरलेल्या १७ नोंदींत मुलं होती, जाऊबाईंच्या गप्पा होत्या आणि सासूबाई होत्या. सासूबाई बहुतेक वेळा ‘काही नाही, बघायला आले’ म्हणून यायच्या. इथे वस्तू हलवून भागत नाही. इथे वेळ मागावी लागते.

एकांताचा अभ्यास करणारे अ‍ॅलन वेस्टिन यांनी १९६७ मध्ये खाजगीपणाचे चार प्रकार मांडले होते: एकटं असणं, जवळच्या मोजक्या माणसांत असणं, गर्दीत अनोळखी असणं आणि चारचौघांत असूनही मनातलं काही स्वतःपुरतं राखणं. मला हे वर्गीकरण कामाचं वाटतं, कारण माझ्याकडे येणारी प्रत्येकजण ‘एकांत’ हा एकच शब्द वापरते आणि प्रत्येकीला कमी पडत असतं ते वेगळं. कुणाला नवऱ्याशी मोकळं बोलता येत नसतं. कुणाला बाजारात एकटीनं फिरायचं असतं, जिथे कुणी ‘अमक्यांची सून’ म्हणून ओळखणार नाही. तुमच्या नळावरून मला वाटतं की तुम्हाला पहिला प्रकार हवा आहे, आणि ‘काय बिघडलं?’ या प्रश्नावरून वाटतं की चौथाही. दोन्हींची औषधं वेगळी आहेत.

पहिल्याचं आधी. घराला दिवसभर एकच वेग नसतो. जेवणं आटोपून भांडी मार्गी लागली की मोठी माणसं आडवी होतात, मुलं शाळेत किंवा क्लासला असतात. सकाळी पहिला चहा होण्याआधी अशीच एक फट असते. तुमच्या वहीत ज्या वेळेसमोर सलग दिवस काहीच लिहिलेलं नसेल, ती तुमच्या घराची फट. तीच वेळ घ्या. आपल्याला सोयीची म्हणून संध्याकाळची सात ते आठ मागणाऱ्या बायका हमखास हरतात. घर त्या वेळी सगळ्यात जास्त माणसं मागत असतं, तेव्हा एक जण आत जाऊन बसणं सगळ्यांना खुपतं. सुरुवातीला पंचवीस-तीस मिनिटं पुरेत. तासभर मागितलात तर मधे कुणी ना कुणी येणारच आणि पहिल्या आठवड्यातच नियम मोडेल.

मग सांगायचं कुणाला आणि कसं? नवऱ्यामार्फत नको. ‘ती म्हणत होती की...’ या शब्दांनी सुरू झालेलं वाक्य आईच्या कानापर्यंत तक्रार होऊनच पोचतं. तुमच्या घरात दिवसाची घडी ज्यांच्या हातात आहे त्यांना, बहुतेक सासूबाईंना, तुम्हीच सांगा. स्वयंपाकाच्या घाईत नको आणि वादानंतर तर नकोच. दोघी भाजी निवडत बसलेल्या असताना हात कामात असतात, डोळ्याला डोळा लागत नाही, तेव्हा असं बोलणं सोपं जातं.

शब्द साधारण असे: ‘आई, उद्यापासून मी साडेतीन ते चार आत वाचत बसणार आहे. चारला बाहेर येऊन चहा मीच टाकते.’

हे वाक्य नीट बघा. त्यात कारण दिलेलं नाही. ‘खूप थकते हो’ म्हटलंत की तुमच्या तब्येतीवर चर्चा सुरू होते आणि वेळ मिळण्याऐवजी सल्ले मिळतात. त्यात ‘स्पेस’ किंवा ‘प्रायव्हसी’ नाही. हे शब्द वाईट नाहीत, पण त्या पिढीला त्यात वेगळ्या बिऱ्हाडाची चाहूल लागते. वेळ कधी संपणार ते मात्र त्यात आहे, आणि परत आल्यावरचं कामही आहे. घरच्यांना तुमच्या आत जाण्यापेक्षा ‘ही बाहेर कधी येणार’ हे माहीत नसण्याची जास्त भीती वाटत असते. बंद दारामागे काय चाललंय हे कळत नाही, म्हणून ‘काय बिघडलं?’ येतं. चार वाजले की ही बाहेर येते, हे दहा-बारा दिवस दिसलं की तो प्रश्न आपोआप विरतो.

आणि त्या वेळेला घराला कळेल असं एक नाव लागतं. सासूबाई जपाला बसल्या की त्यांना कुणी हाक मारत नाही, सासरे दुपारी पेपर तोंडावर घेऊन पडले की मुलंसुद्धा चवड्यावर चालतात. घराला एकांत मान्य असतो, फक्त बिननावाचा मान्य नसतो. म्हणून ‘नुसती बसते’ असं सांगू नका. वाचन, रियाज, योग, डोळे मिटून पडणं, जे खरंच कराल ते नाव द्या. कपड्यांच्या घड्या हे नाव मात्र नको. मी सांगितलेल्या त्या बाईनं तेच केलं होतं. अपराधी वाटू नये म्हणून त्या अर्ध्या तासात ती घड्या घालायची. मग जाऊबाई हक्कानं आत यायच्या, कारण घड्या घालताना गप्पा मारायच्या असतात हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मोबाईलबद्दल माझं मत थोडं कडक आहे. बाथरूममधला नळ आणि खोलीतला मोबाईल यांत मला फार फरक दिसत नाही. माहेरचा ग्रुप, ऑफिसचा ग्रुप, जाऊबाईंनीच बाहेरच्या खोलीतून पाठवलेले व्हिडिओ. दार लोटून आपण दोनशे माणसांत जाऊन बसतो. सगळ्यांना हे लागू होईल असं नाही, पण पहिले पंधरा दिवस फोन बाहेर चार्जिंगला लावून बघा. फोन बाहेर दिसतोय याचा घरच्यांवरही परिणाम होतो. ‘आत बसून कुणाशी बोलते?’ हा प्रश्न निघतच नाही.

दाराचं म्हणाल तर कडीपासून सुरुवात करू नका. कडीचा आवाज घरभर ऐकू जातो आणि ज्या घरात दारं उघडी असतात तिथे तो भांडणाचा आवाज असतो. आधी नुसतं लोटा. महिन्याभरानं पूर्ण बंद करा. टकटकीची सवय लावायची असेल तर ती बोलून लागत नाही. तुम्ही सासू-सासऱ्यांच्या आणि जाऊबाईंच्या दारावर टकटक करून ‘येऊ का?’ विचारायला लागा, दार उघडं असलं तरी. पहिल्यांदा हसतील. ‘अगं, विचारतेस काय!’ म्हणतील. तरी करत राहा. मुलं सगळ्यात आधी उचलतात, मग त्यांच्यामुळे मोठी. नवऱ्यानंही हेच करायला हवं, आणि हे काम मात्र त्यालाच सांगा.

लहान मुलांना ‘अर्धा तास’ कळत नाही. भिंतीवरचं घड्याळ दाखवून ‘मोठा काटा वर बारावर आला की काकू बाहेर’ एवढं सांगितलं की चार-पाच वर्षांचं मूलही थांबतं. ते काट्याखाली येऊन उभं राहतं आणि बरोब्बर चारला ओरडतं, ते वेगळं.

पहिले दोन आठवडे लोक परीक्षा पाहतील, मुद्दाम नाही, सवयीनं. ‘एकच मिनिट, तो पिवळा डबा कुठेय?’ अशा वेळी गप्प बसू नका, गप्प बसणं म्हणजे रुसणं असंच धरलं जातं. उठूही नका. बसल्या जागेवरून मोकळ्या आवाजात ‘चारला देते’ म्हणायचं आणि चारला बाहेर आल्या आल्या खरंच डबा काढून द्यायचा. हे विसरलात तर पुढच्या वेळी ते थांबणार नाहीत, आणि त्यांचं चुकणारही नाही. पडझड, रडणारं मूल, आजारी माणूस, यांना अर्थातच उठायचं.

हे मोडतं कुठे, तेही सांगते. एकदा भांडणाच्या दिवशी. सकाळी खटका उडाला आणि साडेतीनला तुम्ही दार लावलंत, की आतापर्यंतच्या वाचनाचाही अर्थ घर बदलून टाकतं. त्या दिवशी आत जाऊ नका. काहीतरी आणायच्या निमित्तानं बाहेर एक चक्कर मारा. दुसऱ्यांदा पाहुणे आले की. त्या बाईकडे तिसऱ्या आठवड्यात नणंद मुलांसह दहा दिवस राहायला आली आणि हिनं सगळंच सोडून दिलं. पाहुणे गेल्यावर पुन्हा सुरू करायला तिला लाज वाटायला लागली. दहा मिनिटांवर आणा, पण त्याच वेळेला सुरू ठेवा. वेळेची जागा रिकामी राहिली की तिथे दुसरं काम येऊन बसतं. आणि तिसऱ्यांदा, सगळं छान चाललंय म्हणून तुम्हीच चारच्या ऐवजी सव्वाचारला बाहेर यायला लागता तेव्हा.

जमतंय की नाही हे कसं ओळखायचं? तिसऱ्या आठवड्यात पुन्हा चार दिवस वही ठेवा, फक्त त्या अर्ध्या तासाची. नोंदी शून्य होणार नाहीत, दिवसाला एखादी राहीलच. पण तुम्ही सांगायच्या आधी घरातलंच कुणीतरी दुसऱ्याला ‘थांब, ती वाचतेय’ म्हणालं, तर घरानं ती वेळ स्वीकारली. सहा आठवडे होऊनही हे घडलं नाही तर बहुतेक वेळ चुकीची निवडलेली असते. ती बदला, माणसं बदलायच्या मागे लागू नका.

आता चौथ्या प्रकाराकडे, म्हणजे मनातलं राखण्याकडे. ‘कुणाचा फोन होता?’, ‘एवढी का हसलीस?’, ‘पगार झाला का?’ एकत्र घरात हे प्रश्न चौकशी म्हणून कमी आणि संबंध चालू ठेवायला जास्त विचारले जातात. त्यांना खोटं उत्तर देऊ नका, सात माणसांत खोटं टिकत नाही. ‘तुम्हाला काय करायचंय’ तर नाहीच. खरं, पण तोकडं उत्तर द्या आणि लगेच बोलणं त्यांच्याकडे वळवा: ‘मैत्रिणीचा. तुमचा गुडघा कसाय आज?’ वाचताना हे लबाडीचं वाटेल. पण विचारणाऱ्याला बहुतेकदा दोन शब्दच हवे असतात, बातमी नव्हे. मी स्वतः नवी सून असताना प्रत्येक फोनचा सविस्तर अहवाल द्यायची आणि मग संध्याकाळी माझ्याच मैत्रिणीच्या नोकरीवर जेवताना चर्चा ऐकून चिडायची. अहवाल मीच दिलेला असायचा.

यात एक भोक मात्र नवऱ्याकडे असतं. रात्री त्याला सांगितलेलं सकाळी चहाबरोबर आईकडे पोचतं. त्याच्या मनात काही नसतं, तो लहानपणापासून आईला सगळं सांगत आलेला असतो. ‘तू सगळं सांगतोस’ असं एकगठ्ठा म्हणून उपयोग होत नाही, कारण काय सांगायचं नाही हे त्याला खरंच कळत नाही. सांगायच्या आधीच म्हणा: ‘हे आपल्या दोघांतलं आहे.’ दर वेळी म्हणा.

एक गोष्ट त्या बाईच्या वहीतून निघाली ती मी अजून विसरलेली नाही. ‘बघायला आले’ म्हणत खोलीत येणाऱ्या सासूबाई रोज पाचच्या सुमाराला गच्चीवर वाळलेले कपडे काढायला जायच्या. दहा मिनिटांचं काम, पण त्या पाऊण तास यायच्या नाहीत. एकदा ही मदतीला वर गेली तर कपडे दोरीवर तसेच होते आणि सासूबाई पाण्याच्या टाकीला टेकून नुसत्या बसल्या होत्या. हिला पाहून त्या घाईनं उठल्या आणि चिमटे काढायला लागल्या. ही काही न बोलता खाली आली. त्यानंतर कुणी पाच वाजता ‘आई कुठेय?’ विचारलं की हीच सांगायला लागली, ‘कपडे काढतायत, येतील.’ दुपारी सासूबाईंचं बघायला येणं नेमकं कधी थांबलं, हे तिला सांगता आलं नाही.

हे सगळं कुठे लागू पडत नाही तेही सांगायला हवं. तुम्ही म्हणता माणसं वाईट नाहीत, म्हणून मी इतकं लिहिलं. पण एखाद्या घरात फोन हिसकावून तपासला जातो, रात्रीसुद्धा दार लावू दिलं जात नाही, पगाराचं कार्ड काढून घेतलं जातं, माहेरी बोलताना समोर बसून ऐकलं जातं. तिथे साडेतीन ते चारचा उपाय सांगणं चूक आहे, ते नियंत्रण आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही मोडतो आणि त्याच कायद्यानं बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिलेला आहे. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. काही जणी मला २०१७ चा निकाल ऐकवतात, सर्वोच्च न्यायालयानं खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला तो. निकाल मोठाच आहे, पण तो मुख्यतः सरकारच्या विरोधात उभं राहण्यासाठी आहे. जाऊबाईंनी टकटक न करता आत येण्यावर तो चालवू नका.

तुमच्यापुरतं: या आठवड्यात फक्त वही, कुणाला काही सांगू नका. पुढच्या आठवड्यात सामान हलवा. त्यानंतर सासूबाईंशी बोला आणि सुरुवात मंगळवारी-बुधवारी करा. रविवारी नको, रविवारी सगळे घरी असतात आणि पिवळा डबा रविवारीच हरवतो.